तुमच्या दोन ओळी तिच्या जाळीतच आहेत

*बाई, नमस्कार. मुलगी पाचवीला आहे. परवा तिचं गणिताचं वर्कशीट बघितलं तर गुणाकाराच्या जागी खिडकीच्या जाळीसारख्या चौकटी, त्यात तिरक्या रेघा आणि प्रत्येक घरात दोन-दोन आकडे. ४७८ गुणिले ३६ चं उत्तर तिने असलं काहीतरी करून १७२०८ आणलं होतं. ३०५ गुणिले २४ चं तर ०७३२०. मला वाटलं, कुणाचं तरी बघून लिहिलंय. सगळं खोडायला लावलं आणि आपल्या नेहमीच्या पद्धतीने परत करून घेतलं. ती रडली. ‘पप्पा, आम्हाला असंच शिकवलंय’ म्हणाली. मी टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहितो, गुणाकार मला नवा नाही. पण हे बरोबर आहे का, का नुसतं उत्तर जुळतंय? आणि परीक्षेत असलं चालतं का?*

*— एक वडील, अक्कलकोट रोड, सोलापूर*

भाऊ, दोन्ही उत्तरं बरोबर आहेत आणि ती नशिबाने जुळलेली नाहीत. ०७३२० मधल्या त्या पुढच्या शून्याचंही सांगते, पण जरा थांबा, ते जाळी समजल्यावर आपोआप कळेल.

तुम्ही हिशेबातले, म्हणून हिशेबानेच सुरू करते. समजा ४७८ टॉवेल गेले, नग ३६ रुपयांनी. बिल एकदम करायचं नाही, फोडून करायचं. टॉवेल फोडले ४००, ७० आणि ८ असे. भाव फोडला ३० आणि ६ असा. आता टॉवेलांच्या प्रत्येक ढिगाला भावाच्या दोन्ही तुकड्यांनी गुणावं लागेल, म्हणजे तीन ढीग आणि दोन भाव, एकूण सहा छोटी बिलं.

४०० टॉवेल ३० रुपयांनी १२,००० होतात, ७० टॉवेल ३० नी २,१०० आणि ८ टॉवेल ३० नी २४०. मग राहिलेल्या सहा रुपयांचं: ४०० चे २,४००, ७० चे ४२० आणि ८ चे ४८. सहाही बिलं एकाखाली एक लिहून बेरीज करा. १७,२०८ येतात. यात शंका घ्यायला जागा नाही, कारण एकही टॉवेल सुटला नाही आणि एकही दोनदा मोजला नाही.

तुमच्या मुलीच्या चौकटीत घरं किती होती? वर तीन आकडे, बाजूला दोन, म्हणजे सहा. ती सहा घरं हीच ही सहा बिलं. फरक इतकाच की तिने शून्यं लिहिलेली नाहीत. २,१०० च्या जागी तिने नुसतं २१ लिहिलंय, १२,००० च्या जागी १२. आता प्रश्न उरतो तो एवढाच की शून्यं न लिहिता बेरीज कशी काय जुळते. तिथे त्या तिरक्या रेघा कामाला येतात, आणि तुमची शंका खरं तर त्या रेघांबद्दलच असणार.

एक कागद घ्या आणि चौकट काढा, तीन घरं आडवी, दोन ओळी. वरच्या कडेवर ४, ७, ८ लिहा, प्रत्येक घरावर एक. उजव्या कडेवर वरून खाली ३ आणि ६. प्रत्येक घरात वरच्या उजव्या कोपऱ्यातून खालच्या डाव्या कोपऱ्याकडे रेघ मारा आणि ती चौकटीबाहेर जराशी ओढा. आता पाढे. वर ७, बाजूला ३, सात त्रिक एकवीस: रेघेच्या वरच्या बाजूला २, खालच्या बाजूला १. दशक वर, एकक खाली. असं सगळं भरलं की जाळी अशी दिसते (मधली तिरकी खूण म्हणजे ती रेघ):

वरची कड: ४, ७, ८

पहिली ओळ: १/२, २/१, २/४ (उजवीकडे ३)

दुसरी ओळ: २/४, ४/२, ४/८ (उजवीकडे ६)

आता बेरीज करायची ती उभी नाही, आडवी नाही, तिरकी. दोन रेघांच्या मधे जी पट्टी पडते त्या पट्टीतले आकडे मिळवायचे, सुरुवात खालच्या उजव्या कोपऱ्यातून. पहिल्या पट्टीत एकटा ८ आहे. दुसऱ्या पट्टीत ४, २ आणि ४, म्हणजे १०. शून्य लिहिलं, हातचा १ पुढच्या पट्टीला. तिसरीत ४, ४, २ आणि १ हे ११, हातचा धरून १२. दोन लिहिले, हातचा १. चौथीत २, २ आणि २ हे ६, हातचा धरून ७. शेवटच्या कोपऱ्यात १. डावीकडच्या कडेने वरून खाली आणि मग खालच्या कडेने उजवीकडे वाचत जा: १, ७, २, ०, ८.

पट्टी तिरकीच का, याचं उत्तर जाळीत एक पाऊल टाकून बघितलं की मिळतं. कुठल्याही घरावर बोट ठेवा आणि एक घर डावीकडे सरका. वरचा आकडा एककाचा दशक झाला, म्हणजे किंमत दहापट. आता एक घर वर सरका. बाजूचा आकडा एककाचा दशक झाला, पुन्हा किंमत दहापट. मग डावीकडे एक आणि खाली एक असं सरकलं तर? डावीकडे जाताना दहापट, खाली येताना दहावा भाग. किंमत होती तिथेच. म्हणून वरच्या उजव्या बाजूकडून खालच्या डाव्या बाजूकडे उतरणाऱ्या पट्टीत जेवढे आकडे बसतात ते सगळे एकाच किमतीचे असतात. पहिली पट्टी एककांची, दुसरी दशकांची, तिसरी शतकांची, मग हजार, मग दशहजार. तिसऱ्या पट्टीतला तो १ आठवतोय ना, एकवीसातला? २,१०० मधलं ते एक शतक. आणि त्याच घरातला २ रेघेपलीकडे हजारांच्या पट्टीत पडलाय, कारण २,१०० मधले २ हे हजारच आहेत. शून्यं लिहायची गरजच राहिली नाही, जागाच किंमत सांगते. तुम्ही खातेवहीत रुपयांचा आणि पैशांचा रकाना वेगळा ठेवता तेव्हा प्रत्येक आकड्यापुढे ‘रुपये’ लिहिता का? तसंच हे. रकाने फक्त तिरके आहेत.

आता मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. तुम्ही तिच्याकडून परत करून घेतलेली उभी मांडणी समोर ठेवा. पहिली ओळ ४७८ ला ६ ने गुणून २८६८. दुसरी ओळ, एककाच्या जागी फुली किंवा शून्य ठेवून, १४३४. खाली बेरीज १७२०८. बरोबर?

तिच्या जाळीतली खालची ओळ एकटीच घ्या, सहाची. तेवढ्याच तीन घरांची तिरकी बेरीज करा. ८, मग ४ आणि २ हे ६, मग ४ आणि ४ हे ८, मग २. झाले २८६८. आता वरची, तीनची ओळ एकटी घ्या. ४, मग २ आणि १ हे ३, मग २ आणि २ हे ४, मग १. झाले १४३४. तुमच्या दोन्ही ओळी जशाच्या तशा तिच्या जाळीत पडलेल्या आहेत. तुम्ही तिला खोडायला लावलंत ते तुमचंच गणित होतं, भाऊ, फक्त दुसऱ्या घडीचं.

मग ती फुली कुठे गेली? ती जाळीच्या आकारात मुरली आहे. तीनची ओळ सहाच्या ओळीच्या वर आहे, आणि एक घर वर म्हणजे दहापट, हे आत्ताच बघितलं. म्हणून १४३४ आपोआप एक जागा डावीकडे सरकून पडतात. माझ्या वर्गात उभी मांडणी चुकायची ती निम्म्या वेळा या फुलीपायी. पोरं फुली द्यायलाच विसरायची, आणि गुणक तीन आकडी असला की तिसऱ्या ओळीला दोन फुल्या द्यायच्या, तिथे एकच द्यायची. जाळीत विसरायला फुलीच नाही.

दुसरा फरक हातच्यांचा आहे. उभ्या मांडणीत आपण काय करतो ते सवयीमुळे आपल्याला दिसतच नाही. आठ सक अठ्ठेचाळीस, आठ लिहिले, हातचे चार. सात सक बेचाळीस आणि चार सेहेचाळीस, सहा लिहिले, हातचे चार. चार सक चोवीस आणि चार अठ्ठावीस. म्हणजे एकदा पाढा, एकदा बेरीज, परत पाढा, परत बेरीज, आणि मधे एक आकडा डोक्यात धरून ठेवायचा. ४७८ ला ३६ ने गुणताना गुणाकारात चार हातचे येतात आणि शेवटच्या बेरजेत दोन, एकूण सहा. जाळीत आधी सगळे पाढे संपतात, मग बेरजा सुरू होतात, आणि हातचे येतात फक्त ते शेवटचे दोन. पाढे येतात पण हातचा डोक्यातून निसटतो अशा मुलांना जाळीत एकदम बरोबर उत्तरं यायला लागतात, ते यामुळे. आणि चुकलंच तर कुठे चुकलं ते सापडतं. उभ्या मांडणीत चुकलेला हातचा पुढच्या आकड्यात विरघळून जातो. जाळीत प्रत्येक पाढ्याचं उत्तर आपापल्या घरात शाबूत राहतं. बोट ठेवून तपासत जाता येतं.

याचा अर्थ जाळीत चुका होत नाहीत असा नाही. होतात, पण त्यांची जात वेगळी असते, आणि त्या ओळखता आल्या तर तुम्ही तिला खरी मदत कराल.

पहिली चूक आपल्या मराठीने दिलेली आहे. आपण ‘चोवीस’ म्हणतो तेव्हा कानावर आधी चार येतात, मग वीस. लिहायचे मात्र आधी दोन. घाईत असलेलं मूल जे आधी ऐकतं ते आधी लिहितं, आणि आधी हात जातो वरच्या घराकडे. मग २/४ च्या जागी ४/२ पडतात. उभ्या मांडणीतही ही चूक होते, पण जाळीत दोन्ही आकडे सुटे लिहायचे असल्याने जास्त होते. सोलापुरात हे बघायला मजा येते, कारण आपल्या वर्गात तीन भाषा बसलेल्या असतात. कन्नडात एकवीसला इप्पत्तोंदू, तेलुगूत इरवै ओकटी. दोन्हीकडे वीस आधी, एक नंतर. घरी तेलुगूत मोजणारी पोरं माझ्याकडे या एका बाबतीत कमी गोंधळायची. (२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ असं वाचन आलं तेव्हा महाराष्ट्रभर केवढी टिंगल झाली. मला स्वतःला ‘एकवीस’च गोड वाटतं, पण त्या बदलामागची अडचण खोटी नव्हती.) यावर उपाय साधा आहे. घर भरताना आधी खालचा एकक लिहायला सांगा, मग वरचा दशक. मराठी उच्चाराच्या क्रमानेच हात चालतो.

दुसरी चूक एक आकडी उत्तराची. ३०५ गुणिले २४ मध्ये तीन दुणे सहा येतात. सहाला दशक नाही. तो सहा रेघेच्या खाली हवा आणि वर शून्य हवं, ०/६. वर लिहिला तर सहाचे साठ झाले. म्हणून शिकवताना वरचं शून्य लिहायलाच लावतात. आणि आता ते ०७३२०. त्या जाळीत पहिल्या ओळीत ०/६, ०/०, १/० आणि दुसऱ्या ओळीत १/२, ०/०, २/० असे आकडे आहेत. डाव्या वरच्या कोपऱ्यातल्या पट्टीत ते एकटं शून्य राहतं, म्हणून कडेने वाचत आलं की ०७३२० येतं. दशहजाराची जागा आहे, पण दशहजार एकही नाही. उत्तराच्या ओळीत ते शून्य लिहायचं नसतं, ७३२० लिहायचं, एवढं तिला सांगा. पण ती चूक लिहिण्याची आहे, गणिताची नव्हे.

तिसरी चूक बेरजेत होते. पट्टीत १० आले तर मूल १० च लिहून मोकळं होतं, पुढच्या पट्टीत ११, मग ६, मग १. वाचताना १६१११०८! हे पकडायला जाळी तपासायची गरजच नाही. ४७८ म्हणजे पाचशेच्या आत, ३६ म्हणजे चाळीसच्या आत, म्हणून उत्तर वीस हजारांच्या आतच असणार. सोळा लाख कुठून येतील? हा अंदाज आधी बांधायचा आणि मग जाळीला हात लावायचा, असा नियम घरात करा.

आणि चौथी, जिने मला एकदा चांगलंच फिरवलं. एका मुलाच्या वहीत २३ गुणिले १४ चं उत्तर ९४३ होतं. घरं तपासली, पाढे बरोबर. पट्ट्या तपासल्या, बेरजा बरोबर. तरी उत्तर ३२२ च्या तिप्पट जवळपास! मी लाल फुली मारून मोकळी झाले होते. मधल्या सुट्टीत तो वही घेऊन परत आला, ‘बाई, कुठं चुकलंय ते तर सांगा की.’ मला सांगता येईना. घरी येऊन परत बघितलं तेव्हा कळलं की त्याने बाजूचा १४ खालून वर लिहिला होता, वर ४ आणि खाली १. बेरीज खालच्या कोपऱ्यातून सुरू करायची म्हणून आकडाही खालून लिहायचा, असं त्याने स्वतःच ठरवलं होतं. म्हणजे त्याने २३ ला ४१ ने गुणलं होतं, आणि तो गुणाकार अगदी चोख होता. तेव्हापासून जाळीतलं चुकलेलं उत्तर दिसलं की मी आधी गुणक उलटा करून बघते. तुमच्याकडे ४७८ गुणिले ३६ चं कधी ३०११४ आलं तर समजा की ३६ चे ६३ झालेत.

‘हे नवीन खूळ’ असं तुम्ही लिहिलं नाहीत, पण मनात असेल, म्हणून एवढंच सांगते की ही जाळी तुमच्या-माझ्या उभ्या मांडणीपेक्षा उपरी नाही. सोळाव्या शतकातल्या संस्कृत गणितात ती ‘कपाटसंधी’ या नावाने येते. इटलीत १४७८ मध्ये छापलेल्या व्यापारी गणिताच्या पुस्तकातही ती आहे, आणि तिचं तिकडचं नाव खिडकीच्या जाळीवरूनच पडलंय, तुम्हाला जे दिसलं तेच त्यांनाही दिसलं होतं. आणि फोडून गुणायची युक्ती तर त्याहून जुनी. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमाराला लीलावतीत १३५ गुणिले १२ हे एकच उदाहरण घेऊन ते बारा फोडून, जागेजागेने, असं तऱ्हेतऱ्हेने करून दाखवलंय, उत्तर दर वेळी १६२०.

तुम्ही स्वतः तरी कारखान्यात उभी मांडणी कधी करता? ४७८ टॉवेल ३६ नी कुणी विचारले तर तुमच्या डोक्यात बहुतेक असं चालत असेल: पाचशे टॉवेल धरले तर अठरा हजार, बावीस जास्त धरले, बावीस छत्तीस सातशे ब्याण्णव, ते वजा, सतरा हजार दोनशे आठ. ही पद्धत तुमच्या मुलीच्या वहीत कुठेच नाही. तिने ती बघितली तर तिलाही वाटेल, पप्पा काहीतरी भलतंच करतायत.

आता जाळीची कमजोरी. ती इतकी सुरळीत चालते की न समजताही चालते. ‘सात त्रिक एकवीस’ म्हणून घर भरणाऱ्या मुलाला ते एकवीस म्हणजे एकवीसशे आहेत याचा पत्ता नसतो, तरी उत्तर बरोबर येतं. उभ्या मांडणीचंही तेच आहे म्हणा; फुली का देतो हे तुम्हाला कुणी सांगितलं होतं? पण समजलंय का हे जाळीत एका प्रश्नाने कळतं. तिच्या जाळीतल्या २/१ च्या घरावर बोट ठेवा आणि विचारा, ‘हे किती?’ ती ‘एकवीस’ म्हणाली तर तिला टॉवेलांची सहा बिलं करून दाखवा. ‘एकवीसशे’ म्हणाली तर तिला पद्धत समजली आहे, तिला शांतपणे करू द्या.

शिवाय चौकट आखायला वेळ जातो. तीन आकडी गुणिले दोन आकडी असेल तर ठीक, पण चार आकडी गुणिले तीन आकडी म्हटलं की बारा घरं, बारा रेघा, आणि हाताने काढलेली चौकट वेडीवाकडी झाली की पट्ट्या एकमेकींत घुसतात. चौकटीचा कागद वापरला तर हे टळतं. आणि ५६ गुणिले ७ साठी जाळी काढणं म्हणजे उगाच सोपस्कार. म्हणून उभी मांडणीही तिला यायलाच हवी, पाचवीतच, आणि ती तुम्ही घरी शिकवता आहात हे चांगलंच आहे. फक्त जाळी खोडून नको, जाळीच्या शेजारी.

परीक्षेचं म्हणाल तर शिष्यवृत्तीच्या परीक्षेत पर्याय रंगवायचा असतो. गुणाकार कच्च्या कामाच्या जागेत कसा केला ते कुणी बघत नाही, तिथे फक्त वेळ मोजला जातो. शाळेच्या पेपरात उदाहरणात पद्धत सांगितली असेल तर तीच वापरायची, नसेल तर कुठलीही बरोबर पद्धत चालायला हवी. पण अंदाज बांधत बसण्यापेक्षा शाळेत जाऊन एकच प्रश्न विचारा: पेपरात दोन्ही पद्धतींना गुण आहेत ना? ‘हे काय शिकवताय’ असं विचारलंत तर वेगळंच उत्तर मिळेल.

या रविवारी एक करा. ४८६ गुणिले ५७. एका कागदावर तुम्ही तुमच्या पद्धतीने, दुसऱ्यावर ती जाळीने, एकमेकांचं न बघता. नंतर तिला सांगा की जाळीतल्या सातच्या ओळीची एकटीची तिरकी बेरीज कर. ती ३४०२ आली पाहिजे, आणि तुमची पहिली ओळही तीच असली पाहिजे. पाचच्या ओळीची २४३०, तुमची दुसरी. उत्तर २७७०२. जुळलं नाही तर कुठली ओळ जुळत नाही ते आधी बघा, म्हणजे चूक जाळीत आहे का तुमच्या हातच्यात ते लगेच कळेल. आणि चूक तुमची निघाली तर खोडरबर तिच्या हातात द्या.